बाबांच्या कानाच्या मशीनचा आवाज बारीक होतो: बॅटरी की मळ?

देवगडकर: बाबांना (वय ७८) नुकतीच दोन्ही कानांना मशीन घेतली. कानामागे बसणारी, बारीक तारेने स्पीकर कानात जातो ती. बॅटरी ३१२ नंबरची. उजवीकडचा आवाज बारीक झालाय, नवी बॅटरी घालूनही. शिवाय सगळे जेवायला बसलो की ते मशीन काढून ठेवतात, भांड्यांचा आवाज सहन होत नाही म्हणतात. काय करू?

सुलूमावशी: बॅटऱ्या फ्रीजमध्ये ठेव, टिकतात. आणि स्टिकर काढल्यावर लगेच घालू नकोस, चारपाच मिनिटं थांब.

श्रवणतज्ज्ञ_नाशिक: मावशी, थांबण्याचं अगदी बरोबर. ही बॅटरी हवेवर चालते, आत हवा शिरायला वेळ द्यावा लागतो. स्टिकर परत चिकटवून ती थांबत नाही. फ्रीज मात्र नको, बाहेर काढली की दमट होते.
देवगडकर, दोन्ही बॅटऱ्यांची अदलाबदल करा. बारीकपणा डावीकडे गेला तर बॅटरीचा दोष. उजवीकडेच राहिला तर रबरी टोपी काढून स्पीकरच्या तोंडावरची बारीकशी पांढरी जाळी बघा. ती मळाने बुजलेली असेल तर नव्या जाळ्यांच्या पाकिटातल्या काडीच्या एका टोकाने सरळ ओढून काढा आणि दुसऱ्या टोकावरची नवी दाबून बसवा. सुईने टोचू नका, मळ आत जातो. पाणी, स्पिरिटही नको. रोज सकाळी मशीनचं तोंड खाली धरून ब्रश फिरवा, रात्रभरात मळ सुकलेला असतो, तो खाली पडतो.

पेणचा_मिलिंद: आमच्या आईचं मशीन शिट्टी मारतं. कंपनी बदलू का?

श्रवणतज्ज्ञ_नाशिक: आधी टोपी पूर्ण आत बसते का बघा, मग कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून. कानात तेल सोडत असाल तर थांबवा.

देवगडकर: अदलाबदल केली, उजवीकडेच राहिला. जाळी पिवळी पडून पूर्ण बुजली होती. बदलली, आवाज आला! जेवणाचं काय?

श्रवणतज्ज्ञ_नाशिक: इतकी वर्षं ते आवाज मेंदूला मिळालेच नव्हते. सुरुवातीला शांत खोलीत एकाच माणसाशी गप्पा, मग टीव्ही, पंगत शेवटी. बोलताना समोर बसा, ओरडू नका. तरीही भांडी बोचत असतील तर मोठ्या आवाजांचं सेटिंग कमी करून घ्या.

अनघा_ठाणे: मला हे पटत नाही. आमच्या ऑडिओलॉजिस्टने सासऱ्यांना पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ घालायला लावलं, जेवतानाही. काढून ठेवलं की सवय लांबते.

श्रवणतज्ज्ञ_नाशिक: तेही बऱ्याच जणांना जमतं. बाबा चिडून मशीन कपाटात टाकणार असतील तर मात्र हळूच घ्या.

सुलूमावशी: पावसाळ्यात मशीन कुठे ठेवायचं? देवगडला दमट असणार.

श्रवणतज्ज्ञ_नाशिक: झाकणाच्या डबीत, सिलिका जेलच्या पुडीसोबत. बॅटरी मात्र बाहेर काढून ठेवा, त्या पुडीने ती सुकून लवकर संपते. आणि नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा जागी. बॅटरी गिळली गेली तर लगेच हॉस्पिटल.