‘हू कॉल्ड’ की ‘हू डिड कॉल’? प्रश्नात ‘डिड’ कधी येतो?

यार्डातला (सांगली):
मी मार्केट यार्डात बेदाण्याच्या अडत दुकानात हिशेब बघतो. परवा आमची एक गाडी दिल्लीला निघाली. वाटेत ड्रायव्हरला कुणाचा तरी फोन गेला आणि माल भलत्याच गोदामात उतरला. खरेदीदार चिडला. त्यानं आमच्या दिवाणजींना इंग्रजीत दोन प्रश्न टाकले: ‘हू कॉल्ड द ड्रायव्हर?’ आणि त्याखाली ‘हू डिड द ड्रायव्हर कॉल?’ दिवाणजींना वाटलं, माणूस तोच प्रश्न पुन्हा विचारतोय. दोन्हीला एकच उत्तर दिलं: ‘मुकादम.’ खरी गोष्ट अशी की ट्रान्सपोर्टच्या क्लार्कनं ड्रायव्हरला फोन केला होता, आणि मग ड्रायव्हरनं खात्री करायला मुकादमाला केला. पण त्या उत्तरानं गाडी मुकादमानंच वळवली असं ठरलं आणि त्या बिचाऱ्याला फुकट बोलणी बसली.

माझा प्रश्न असा. दोन्ही वाक्यांत हू तोच, ड्रायव्हर तोच, कॉल तोच. एकात ‘डिड’ आहे, एकात नाही. नुसत्या तेवढ्यानं अर्थ उलटा होतो? आणि आमच्या ऑफिसातला पोरगा तर सरसकट ‘हू डिड कॉल्ड’ लिहितो. ते कशात बसतं?

घाटमाथा:
सोपं आहे ओ. आधी मराठीत बोला. ‘ड्रायव्हरला कोणी फोन केला?’ आणि ‘ड्रायव्हरनं कोणाला फोन केला?’ ‘कोणी’ आलं की डिड नाही, ‘कोणाला’ आलं की डिड. मी क्लासमधल्या पोरांना हेच सांगतो. विषय संपला.

फलटणकर:
‘कोणी’ की ‘कुणी’ ते आधी ठरवा. आमच्याकडे ‘कुणी’च म्हणतात. लेखनात ‘कोणी’ हवं असा आग्रह धरणारे मला भेटलेत.

यार्डातला (सांगली):
फलटणकर, दोन्ही चालतात हो. प्रश्न इंग्रजीचा आहे.

साताऱ्याच्या बाई:
घाटमाथा सरांचं सूत्र या गाडीच्या भानगडीपुरतं बरोबर आहे, पण ते कुठे दगा देतं ते पुढे सांगते. आधी ‘डिड’ येतो कशाला, ते बघू.

मराठीत ‘ला’ आणि ‘नं’ शब्दाला चिकटलेले असतात, म्हणून शब्द मागेपुढे केले तरी फोन कोणी केला ते कळतं. इंग्रजीत हे काम जागा करते. क्रियापदाच्या आधी बसला तो करणारा, नंतर बसला त्याला केलेलं. आता उत्तराची वाक्यं घ्या. ‘द क्लार्क कॉल्ड द ड्रायव्हर.’ यातला क्लार्क झाका आणि त्याच जागी ‘हू’ ठेवा: ‘हू कॉल्ड द ड्रायव्हर?’ एकही शब्द हलला नाही. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या तोंडाशी हवा, तो आधीच तिथे आहे. मग ‘डिड’ला कामच उरत नाही.

दुसरं वाक्य: ‘द ड्रायव्हर कॉल्ड द मुकादम.’ इथं मुकादम शेवटी आहे. त्याच्या जागचा ‘हू’ उठून पुढे येतो. असा दुसरीकडचा शब्द पुढे आला की प्रश्नात कर्त्याच्या आधी एक सहायक क्रियापद लागतं. ‘कॉल’सारखं साधं क्रियापद आजच्या इंग्रजीत त्या जागी जात नाही, म्हणून ‘डू’ आणतात. भूतकाळ त्याच्या अंगावर चढतो, तो ‘डिड’ होतो, आणि ‘कॉल’ मागे मूळ रूपात राहतो: ‘हू डिड द ड्रायव्हर कॉल?’ तुमचा पोरगा ‘हू डिड कॉल्ड’ लिहितो त्यात भूतकाळ दोनदा आला. ते कुठल्याच अर्थानं बसत नाही.

जुन्या इंग्रजीत क्रियापद स्वतःच पुढे जायचं. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘हूम सीक यी?’ असं आहे, म्हणजे ‘तुम्ही कोणाला शोधता?’ त्यात ‘डू’ नाही. आज तसं कोणी बोलत नाही.

घाटमाथा:
बाई, मान्य. पण माझं सूत्र चुकतं कुठे? कोणी आणि कोणाला, एवढंच तर आहे.

साताऱ्याच्या बाई:
‘पहिलं बक्षीस कोणाला मिळालं?’ करा बरं इंग्रजी.

घाटमाथा:
‘हू गॉट द फर्स्ट प्राइज?’

साताऱ्याच्या बाई:
बरोबर केलंत, पण तुमच्या सूत्राविरुद्ध केलंत! ‘कोणाला’ होतं, मग ‘डिड’ कुठे गेला? सूत्र पाठ केलेला पोरगा इथं ‘हू डिड गेट’ लिहिणार. मिळणं, कळणं, आवडणं, दिसणं, येणं या क्रियापदांशी मराठी माणूस ‘ला’ लावून येतो, आणि इंग्रजीत तोच माणूस कर्ता होऊन पहिल्या जागी बसतो. ‘कोणाला मराठी येतं?’ याचं ‘हू नोज मराठी?’ होतं. ‘ही बातमी कोणाला आधीच कळली होती?’ याचं ‘हू ऑलरेडी न्यू?’

उलटी बाजूही आहे. ‘तुला काय झालं?’ आणि ‘तुला काय दिसलं?’ ही दोन वाक्यं मराठीत जुळी आहेत. दोन्हीत ‘तुला’, दोन्हीत उघडं ‘काय’. इंग्रजीत पहिलं ‘व्हॉट हॅपन्ड टू यू?’ आणि दुसरं ‘व्हॉट डिड यू सी?’ घडणारी गोष्ट स्वतः कर्ता आहे, म्हणून पहिल्यात डिड नाही. पाहणारे तुम्ही आहात, म्हणून दुसऱ्यात आहे. ‘व्हॉट डिड हॅपन टू यू’ हे मी वह्यांमधून इतकं खोडलंय की लाल पेन आपोआप तिकडे वळतं.

म्हणून मराठी प्रश्नावरून ठरवू नका. उत्तराचं पूर्ण वाक्य इंग्रजीत लिहा आणि जे विचारायचंय ते क्रियापदाच्या आधी आहे की नंतर, ते बघा. ‘अधोरेखित भाग उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करा’ यात तर उत्तराचं वाक्य छापूनच दिलेलं असतं. रेघ पहिल्या शब्दाखाली असेल तर फक्त तो शब्द बदलायचा. तरी निम्मी मुलं सवयीनं ‘डिड’ घालतात.

मिरज काउंटर:
मी मिरजेत एका दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. आमच्याकडे बाहेरदेशचेही पेशंट येतात. नवीन मुलगी एका पेशंटला विचारत होती, ‘हू डिड यू रेफर?’ तो गोंधळला आणि म्हणाला, ‘मी कोणालाच पाठवलं नाही, मीच आजारी आहे.’ तिला विचारायचं होतं ‘हू रेफर्ड यू?’, म्हणजे तुम्हाला कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं. आता बाईंचं वाचून कळलं काय झालं ते. पण मला दुसरंच विचारायचंय. फोनवर आम्ही ‘हू इज कॉलिंग?’ म्हणतो. तिथं ‘डज’ घालायचा का कधी?

साताऱ्याच्या बाई:
नाही. ‘इज’ हेच तिथलं सहायक क्रियापद. ते आधीच हजर असेल तर ‘डू’ बोलवायचा नाही, त्यालाच पुढे सरकवायचं. ‘हू इज कॉलिंग यू?’ म्हणजे तुम्हाला कोण फोन करतंय. ‘हू आर यू कॉलिंग?’ म्हणजे तुम्ही कोणाला करताय. ‘हॅज’, ‘विल’, ‘कॅन’ यांचंही तसंच: ‘हू कॅन हेल्प यू?’ आणि ‘हू कॅन यू हेल्प?’

कराडचा चौकस:
मग ‘हू डिडंट कम?’ हे काय आहे? तिथं हू कर्ता आहे आणि डिडही आहे. शिवाय एका परदेशी माणसाला मी ‘वेल, हू डिड कॉल यू देन?’ म्हणताना स्वतःच्या कानानं ऐकलंय.

साताऱ्याच्या बाई:
चांगलं पकडलंत. पहिल्यात डिड प्रश्नासाठी नाही, नकारासाठी आहे. ‘नॉट’ साध्या क्रियापदाला लावता येत नाही, त्याला डू लागतो. साध्या विधानातही ‘ही डिडंट कम’ असतंच की. दुसरं जोर देऊन बोलणं आहे. समजा तुम्ही म्हणालात, मला क्लार्कनं फोन केला नाही, मुकादमानंही नाही. मग समोरचा वैतागून विचारतो, ‘अरे, मग केला तरी कोणी?’ त्या ‘तरी’चं काम तिथं ‘डिड’ करतो आणि आवाजाचा सगळा भार त्याच्यावर पडतो. भार न देता सरळ चौकशी करताना तसं म्हणत नाहीत.

घाटमाथा:
पण पेपरात कोणी ‘हू डिड कॉल यू’ लिहिलं तर मार्क द्यायचे का? व्याकरणात बसतंय म्हणता.

साताऱ्याच्या बाई:
मी देणार नाही. कागदावर जोर ऐकू येत नाही.

कराडचा चौकस:
मी देईन. चूक नाही, तर कापायचं कशाला?

यार्डातला (सांगली):
तुमचं मार्कांचं चालू द्या. मी खरेदीदाराला नवीन मेसेज केला: ‘द ट्रान्सपोर्ट क्लार्क कॉल्ड द ड्रायव्हर. द ड्रायव्हर देन कॉल्ड द मुकादम.’ तो लगेच समजला. आता तो विचारतोय की उतरवायच्या वेळी गोदामावर कोण कोण होतं. मी त्याला उलट विचारायला निघालो होतो, ‘हू ऑल डिड यू आस्क?’, म्हणजे तुम्ही कोणाकोणाला विचारलं. हे ‘हू ऑल’ चालतं का?

मिरज काउंटर:
आम्ही तर रोज म्हणतो. ‘हू ऑल केम विथ द पेशंट?’

घाटमाथा:
अख्खा भारत म्हणतो. आपलं ‘कोण कोण’ आहे ते. डिडचा हिशेब तोच राहतो, ‘हू ऑल केम’ आणि ‘हू ऑल डिड यू आस्क’. चुकीचं का म्हणायचं?

साताऱ्याच्या बाई:
बोलण्यात मी हरकत घेत नाही, पण पत्रात मी नुसतं ‘हू’ लिहीन. दिल्लीवाल्याला ‘हू ऑल’ कळेल, लंडनच्या माणसाला कदाचित खटकेल. आणि ‘कोण कोण आले?’ असं अनेकवचन मनात असलं तरी चालू काळात ‘हू’पुढे क्रियापद सहसा एकवचनीच येतं. उत्तरात दहा नावं असोत, प्रश्न ‘हू लिव्ह्ज हिअर?’ असाच होतो.

फलटणकर:
आणि ‘हूम’? आमच्या वेळी ‘हूम डिड यू कॉल’ नाही लिहिलं तर छडी होती.

साताऱ्याच्या बाई:
तेही बरोबरच आहे, फक्त औपचारिक वाटतं. बोलताना आता बहुतेक ‘हू’च म्हणतात. पण पडताळायला ‘हूम’ कामाचा आहे. उत्तरात ‘हिम’ किंवा ‘देम’ येत असेल तर ‘हूम’ चालतो, आणि साध्या भूतकाळात तिथं ‘डिड’ येतोच. ‘ही’ किंवा ‘दे’ येत असेल तर ‘हूम’ नाही आणि डिडही नाही. ‘हूम कॉल्ड द ड्रायव्हर’ असं कधीच होत नाही. दिवाणजींना हे सांगा.

यार्डातला (सांगली):
दिवाणजी म्हणतात, यापुढे खरेदीदारानं हिंदीत विचारावं.