मदत हवी आहे: ॲम्प्लिफायर 100 वॅटचा 200 वॅट केला, तरी मागच्यांना आवाज जेमतेमच वाढलेला का वाटतो?

मागची_रांग
आमच्या गावी दरवर्षी सप्ताह असतो. कीर्तनाचा मांडव लांबट, व्यासपीठापासून शेवटची सतरंजी साधारण 32 मीटरवर. पुढे दोन्ही बाजूंना एकेक कॉलम स्पीकर. मागे बसणाऱ्या बायकांची नेहमीची तक्रार, बुवांचे शब्द कळत नाहीत. म्हणून मंडळाने यंदा 100 वॅटचा ॲम्प्लिफायर काढून 200 वॅटचा आणला. दुकानदार म्हणाला, आवाज डबल. काल जोडून पाहिला. पुतण्याने मोबाईलच्या ॲपवर मागच्या टोकाला मोजलं, जुन्यावर 68 डेसिबल, नव्यावर 71. मागे बसलेल्यांना विचारलं तर म्हणतात, "वाढला असेल थोडा." ॲम्प्लिफायर बनावट आहे, स्पीकर गेलेत, की ॲप खोटं बोलतंय?

तारतंत्र
एक सांगा, दोन्ही वेळा नॉब कुठवर नेला होता? ॲम्प्लिफायर नुसता बदलला आणि नॉब अर्ध्यावरच ठेवला तर तुलनेला अर्थ नाही.

मागची_रांग
दोन्ही वेळा क्लिपचा लाल दिवा लुकलुकायला लागेपर्यंत. बोलणारा एकच, माईकही तोच.

तारतंत्र
मग ॲम्प्लिफायर अस्सल आहे. 3 डेसिबल वाढले हाच त्याचा पुरावा. मोबाईलच्या ॲपचा आकडा स्वतः चुकीचा असू शकतो, पण एकाच फोनवर एकाच जागी घेतलेल्या दोन आकड्यांतला फरक बऱ्यापैकी विश्वासाचा. हिशोब असा:

```
10 × log10(200/100) = 3.01
```

म्हणजे दुप्पट वॅट पोचले, हवेतली ध्वनीची तीव्रता दुप्पट झाली. दुकानदार तेवढ्यापुरता खरा. फक्त ऐकणाऱ्याला ती दुप्पट वाटत नाही. साधारण माणसाला आवाज "दुप्पट झाला" असं वाटायला 10 डेसिबल वाढ लागते, आणि 10 डेसिबल म्हणजे दहापट वॅट. तुमच्या 100 वॅटच्या दुप्पट ऐकू यायला 1000 वॅट हवेत. तेवढे त्या कॉलममध्ये घातले तर सप्ताह संपायच्या आत कॉइल जळेल. त्याआधीही कॉइल तापली की तिचा रोध वाढतो आणि दिलेल्या वॅटइतका आवाज बाहेर येत नाही.

गणितवेडा
सोपं आहे हो. आपला कान लॉगरिदमवर चालतो, म्हणून तर डेसिबल लॉगमध्ये मोजतात. डेसिबलचा आकडा म्हणजेच आपल्याला जाणवणारा मोठेपणा. 68 चे 71 झाले, म्हणजे जाणवणारी वाढ 4 टक्क्यांच्या आसपास. विषय संपला.

कर्णपटल
नाही संपला. कान सरळ लॉगवर चालत असता तर 60 डेसिबलचा आवाज 30 च्या दुप्पट वाटला असता. तसा वाटत नाही. दर 10 ला दुप्पट धरली तर 30 पासून 60 पर्यंत तीनदा दुप्पट, म्हणजे आठपट. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्याला लोकांनाच आवाजाला आकडे द्यायला सांगून असे प्रयोग केले. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की जाणवणारा मोठेपणा तीव्रतेच्या 0.3 या घाताने वाढतो. 2 चा 0.3 घात केला की 1.23 येतात. म्हणजे मागच्यांना वाढ 4 नाही, सुमारे 23 टक्के जाणवली असणार. "वाढला असेल थोडा" हे त्याच्याशी जुळतंच.

लॉगचा संबंध आकडे आटोपशीर ठेवण्याशी. ऐकू येणाऱ्या सगळ्यात बारीक आवाजापासून कान दुखवणाऱ्या आवाजापर्यंत तीव्रता लाख कोटी पटींनी वाढते, ते शून्य मांडत कोण बसणार? ती आपली लिहिण्याची सोय, कानाचा गुणधर्म नव्हे.

गणितवेडा
बरं, 4 टक्के मागे घेतो. पण दर 10 ला दुप्पट हाही दगडावरचा नियम नाही ना?

कर्णपटल
नाही, मान्य. काही प्रयोगांत दुप्पट वाटायला 6 डेसिबलच्या आसपास पुरले. कसं विचारलं, कशाशी तुलना करायला लावली, यावर उत्तर हलतं. अगदी हळू आवाजात वाढ 10 पेक्षा लवकर जाणवते. आणि हे सगळं मुळात 1000 हर्ट्झच्या एकसुरी आवाजावरचं. खर्जाचा हिशोब निराळा.

सुनंदा_मावशी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, चालेल का? आमच्या नानांना हळू बोललं तर ऐकूच येत नाही, जरा आवाज चढवला की "ओरडतेस कशाला, बहिरा नाहीये मी" म्हणतात! मधली जागाच नाही. याचा या 3 डेसिबलशी काही संबंध?

कर्णपटल
मावशी, अगदी थेट संबंध आहे. कानाच्या आत शंखासारख्या नळीत केसांसारख्या पेशींच्या रांगा असतात. त्यातल्या बाहेरच्या रांगेच्या पेशी बारीक आवाज कितीतरी पटींनी वाढवून आत देतात, मोठ्या आवाजाला मात्र जवळजवळ हात लावत नाहीत. त्यामुळे बाहेर तीव्रता धडाधड वाढली तरी आत वाढ दबूनच पोचते. वयाने त्या पेशी मेल्या की बारीक आवाजाचा आधार जातो, मोठा मात्र जवळजवळ पूर्वीसारखाच पोचतो. मग तोच आवाज काही डेसिबलमध्ये "नाही" पासून "असह्य" पर्यंत उडी मारतो. श्रवणयंत्र घ्याल तेव्हा हे ऑडिओलॉजिस्टना जरूर सांगा. यंत्र बारीक आवाज जास्त आणि मोठा कमी वाढवेल असं बसवता येतं.

शांतताप्रेमी
लोकहो, आवाज वाढवायची शास्त्रं काढताय, रात्री दहानंतर लाऊडस्पीकरला बंदी आहे हे ठाऊक आहे का? निवासी भागात दिवसा 55, रात्री 45 डेसिबल. आमच्याकडे मिरवणुकीत डीजेवाला म्हणतो, "3 डेसिबलच वर आहे, तेवढ्याने काय होतं."

मागची_रांग
आमचं कीर्तन नऊला संपतं हो, शिवाय हा प्रश्न डीजेचा नाही.

तारतंत्र
प्रश्न डीजेचा नसला तरी त्या वाक्याचं उत्तर द्यायला हवं. 3 डेसिबल कानाला थोडंच वाटतं, पण इजा साधारण पोचलेल्या ऊर्जेच्या हिशोबाने होते. अमेरिकेतल्या NIOSH ची कामगारांसाठीची शिफारस बघा: 85 डेसिबलला आठ तास, 88 ला चारच, 91 ला दोन. जाणवतं फार तर सव्वापट, वेळ मात्र निम्मी.

आता मांडव. वॅटच्या मागे लागू नका, अंतर कमी करा. मोकळ्यावर अंतर निम्मं झालं की 6 डेसिबल मिळतात, म्हणजे चौपट वॅटचं काम फुकटात. तसाच एक स्पीकर व्यासपीठापासून 24 मीटरवर, तोंड मागे करून लावा. शेवटची रांग त्याच्यापासून 8 मीटरवर येईल. 32 चे 8, म्हणजे 12 डेसिबल. त्याला 20 वॅट दिलेत तरी शेवटच्या रांगेला पुढच्या 200 वॅटपेक्षा जास्त ऐकू येईल.

फक्त त्याला डिले द्यावा लागेल. तारेतून आवाज लगेच पोचतो, हवेतून 24 मीटर यायला सुमारे 70 मिलिसेकंद लागतात. डिले नसेल तर मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येईल आणि तक्रार आणखी वाढेल. 80 च्या आसपास ठेवून बघा, म्हणजे आवाज बुवांकडूनच येतोय असं वाटेल.

मागची_रांग
हे पटलं. पण आमचा मिक्सर जुना, त्यात फक्त "इको" लिहिलेलं बटण आहे. त्यानेच डिले देता येईल का?

भोंगेवाला
नाही. इको मूळ आवाजही सोडतो आणि त्याच्या मागून पुन्हा तोच देतो. डिलेचं वेगळं यंत्र लागेल, नाहीतर ज्याच्या आउटपुटला डिले आहे असा डिजिटल मिक्सर भाड्याने आणा. पत्र्याचा मांडव आहे की कापडाचा? पत्रा असेल तर 80 वर मी पैज लावणार नाही.

मागची_रांग
वर पत्रा, बाजूला कापड.