डोनचियन चॅनेल आणि न वळता होणारा तोटा

डोनचियन चॅनेलवर सौदे करणारे सांगतात, "दहापैकी सात सौदे तोट्यात गेले तरी उरलेले तीन सगळे भरून काढतात."

चार्टवर हे खरे आहे, परंतु भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो, एका सौद्यातील तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढील वर्षीही ओढता येत नाही. समजा, २० दिवसांच्या उच्चांकावर खरेदी आणि २० दिवसांच्या नीचांकावर विक्री या डोनचियन चॅनेलच्या नियमाने सात सौद्यांत प्रत्येकी ५,००० रुपये गेले आणि तीन सौद्यांत प्रत्येकी २०,००० मिळाले. चार्टवरील निव्वळ नफा २५,००० दिसतो, पण कर पूर्ण ६०,००० वर, म्हणजे १८,७२० रुपये बसतो आणि हाती ६,२८० उरतात. कोल्हापुरात राजारामपुरीतील माझ्या करसल्लागारांनी हीच बेरीज वहीत मांडून दाखवली, तेव्हा जुन्या भावांवर नियम तपासणाऱ्या माझ्या बॅकटेस्टमध्ये कराचा रकानाच नसल्याचे माझ्या लक्षात आले.

त्यानंतर मी ५५ दिवसांचे चॅनेल घेतले, कारण आडव्या बाजारात ते फसवे ब्रेकआउट बरेच कमी देते. मात्र त्याची खालची कड, म्हणजे ५५ दिवसांचा नीचांक, खूप दूर असते. खरेदी १०० ला आणि कड ७५ वर असेल, तर ५,००० रुपयांच्या जोखमीत केवळ २०,००० रुपयांचीच खरेदी बसते, आणि कड वर सरकेपर्यंत मोठा नफाही परत जाताना पाहावा लागतो.