दोन साड्यांच्या फोटोंची रंगसंगती जुळते का, हे हिस्टोग्रामने कसं ठरवावं?

पंचवटीकर:
येवल्याच्या पैठण्यांचे सुमारे ९०० फोटो आहेत. गिऱ्हाईकाने एक फोटो दाखवला की त्याच रंगसंगतीच्या साड्या समोर याव्यात, एवढंच हवंय. ओपनसीव्हीत RGB, प्रत्येक चॅनेलला ८ खाने, HISTCMP_INTERSECT वापरतोय. मोरपंखी आणि डाळिंबी साडीला ०.७४ गुण मिळाले, आणि एकाच डाळिंबीच्या दोन फोटोंना ०.७१! साड्या पांढऱ्या टेबलावर आहेत. लॅपटॉप जुना, खर्च फार तर दोन हजार.

सिडको_बॉय:
चांगला मॉनिटर आणि कलर मीटर घ्या आधी. वीस-पंचवीस हजारांत काम होईल.

पंचवटीकर:
दोन हजार म्हटलंय.

गंगाकाठ:
तिन्ही चॅनेलचे वेगवेगळे हिस्टोग्राम काढा आणि HISTCMP_CORREL लावा. ०.९ च्या वर गेलं की रंग एकच. माझ्याकडे नेहमी चालतं.

जुना_नाशिककर:
गंगाकाठ, वेगवेगळे चॅनेल नकोत. अर्धं लाल-अर्धं हिरवं चित्र घ्या, आणि दुसरं अर्धं पिवळं-अर्धं काळं. दोन्हीत लाल चॅनेल अर्धा २५५, अर्धा ०. हिरवाही तसाच. निळा सगळा ०. तिन्ही आलेख तंतोतंत सारखे, गुण १.०, आणि रंग एकही जुळत नाही. चॅनेल एकत्रच मोजायला हवेत.

पंचवटीकर, फोटोत टेबल किती दिसतं?

पंचवटीकर:
साधारण ७० टक्के.

जुना_नाशिककर:
मग ०.७० टेबलाचेच. इंटरसेक्शन प्रत्येक खान्यातला लहान आकडा घेऊन बेरीज करतं, त्यामुळे दोन्हीत टेबल पांढरंच उतरलं की साडी कुठलीही असो, सुरुवातच ०.७० पासून. पहिल्या जोडीत कापडाने ०.०४ जुळवले, बहुधा जरीने. डाळिंबीच्या दोन फोटोंत ०.०१ च, म्हणजे उजेड वेगळा होता. टेबल मास्कने काढा, मगच आकड्याला अर्थ.

आडगाव_नाका:
एकाच फोटोच्या दोन प्रती शोधायच्या असतील तर इमेज हॅश वापरा, हिस्टोग्राम कशाला?

पंचवटीकर:
प्रती नाहीत हो, वेगवेगळ्या साड्या आहेत.

गंगाकाठ:
बरं, मग HSV घ्या. रंगछटा वेगळी मिळते.

जुना_नाशिककर:
अर्धं बरोबर. पण ओपनसीव्हीत छटा ० ते १७९ अशी गोल फिरते, आणि लाल दोन्ही टोकांना. डाळिंबीचे काही पिक्सेल ३ वर, काही १७७ वर. ३० खाने केले तर ते पहिल्या आणि शेवटच्या खान्यात, म्हणजे जणू सगळ्यात लांब. शिवाय फिक्या किंवा काळपट भागात छटेचा आकडा भरकटतो. म्हणून Lab चे a, b घ्या:

```python
lab = cv2.cvtColor(img, cv2.COLOR_BGR2LAB)
h = cv2.calcHist([lab], [1, 2], mask, [32, 32], [0, 256, 0, 256])
h = cv2.GaussianBlur(h, (5, 5), 0)
h /= h.sum()
```

ब्लर फोटोला नाही, हिस्टोग्रामला आहे. खाना ८ आकड्यांचा. १६७ एका खान्यात, १६८ पुढच्यात. डोळ्याला फरक शून्य, पण गुण गळतात. ब्लरने शेजारचे खाने एकमेकांना थोडं ओळखतात. आणि शेवटची ओळ विसरू नका, नाहीतर मोठ्या फोटोचे आकडे मोठे.

इंदिरानगर_आई:
कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ऑटोवर असेल तर हे सगळं पाण्यात. प्रो मोडमध्ये तो एकदा कायम करा, ग्रे कार्ड ठेवून. साधा कागद नको, त्यात उजळवणारं रसायन असतं आणि खिडकीच्या उजेडात तो निळसर होतो. फ्लॅशही बंद, जरी पांढरी फुटते.

सिडको_बॉय:
व्हाइट बॅलन्स कायम करा. आणि चांगला मॉनिटर घ्याच.

आडगाव_नाका:
अवांतर: येवल्याची पैठणी यंत्रमागावरची की हातमागावरची, ते फोटोत ओळखता येतं का?

इंदिरानगर_आई:
मागची बाजू बघा. त्या चर्चेसाठी वेगळा धागा काढा. आणि धूपछाँव साडीचं काय करणार? ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कोन बदलला की हिस्टोग्रामच बदलतो.

जुना_नाशिककर:
त्याला एका फोटोत उत्तर नाही. दोन-तीन कोनांतून फोटो घेऊन हिस्टोग्रामांची सरासरी घ्या, थोडंफार निभेल.

पंचवटीकर:
मास्क जमला नाही. पांढरं कापायला गेलो तर मोतिया साडीच गायब झाली. शेवटी हाताने दोन तुकडे कापतोय, अंगाचा एक आणि काठाचा एक, आणि दोघांचे गुण वेगळे ठेवतोय. नाहीतर हिरवं अंग-लाल काठ आणि लाल अंग-हिरवा काठ, दोघांत रंग सारख्याच प्रमाणात आले तर एकच ठरतील. Lab ऐवजी HSV च ठेवलंय, छटेत ९० मिळवून १८० ने भागून बाकी घेतोय म्हणजे लाल मध्ये येतो.

जुना_नाशिककर:
मग आता मोरपंखी टोकावर गेला.

पंचवटीकर:
९० च्या आसपास ना? बघतो. डाळिंबी जास्त खपते.