शब्दचर्चा : कोरियन मालिकेतलं ‘सोक्सांगे’ म्हणजे राग की आणखी काही?

निशिगंध : गेले दोन महिने रात्री जेवणं आटोपली की मी आणि माझी बहीण एक कोरियन कौटुंबिक मालिका बघतो. परवाच्या भागात मुलगा कामावरून हात भाजून घरी येतो आणि पट्टी बांधलेला हात बाहीत लपवतो. आईच्या ते लक्षात येतं. आधी ती त्याच्या पाठीत दोन धपाटे घालते, मग तोच हात हातात घेऊन रडते आणि म्हणते, ‘ओम्मागा सोक्सांगेसो कुरे’. निदान मला तरी तसं ऐकू आलं. खाली इंग्रजीत अर्थ आला, ‘मला राग आलाय’. बरं, आधीच्या एका भागात परीक्षेत नापास झालेली मुलगी हेच ‘सोक्सांगे’ म्हणाली होती आणि तिथे ‘मी निराश झालेय’ असं लिहिलं होतं. एकच शब्द रागाचा आणि निराशेचाही कसा? त्या आईच्या चेहऱ्यावर तर मला राग दिसला नाही. मूळ शब्द कसा शोधायचा?

वाळवण : हा आपला ‘शोक’च असणार. कोरियात बौद्ध धर्म गेला तेव्हा संस्कृत शब्दही गेले. ‘शोक सांगे’, म्हणजे आई आपलं दुःख सांगतेय. सबटायटल करणारे घाईत काम उरकतात, त्यांना हे कुठलं कळायला!

चाफेकळी : माझंही असंच एक. तुर्की मालिकेत जेवण झालं की सगळे ‘एलिने साअलिक’ म्हणतात आणि खाली ‘छान झालंय’ असं येतं. शब्दशः ते ‘तुझ्या हाताला आरोग्य लाभो’ असं आहे, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून पोळ्या लाटताना मलाच कुणी तसं म्हणावंसं वाटतं. तुम्ही डब केलेली मालिका बघता का? माझ्या टीव्हीवर ऐकू येतं एक आणि खाली लिहून येतं दुसरंच.

निशिगंध : नाही हो, आवाज मूळ कोरियनच ठेवते.

पायवाट : मी चार वर्षं कोरियन शिकतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. वाळवण, बौद्ध धर्माबरोबर काही संस्कृत शब्द चिनीमार्गे कोरियात पोचले हे खरं आहे, पण हा त्यातला नाही. यातला ‘सोक’ अस्सल कोरियन आहे आणि त्याचा अर्थ ‘आतलं’, ‘आतली बाजू’. ‘सांग’ चिनी लिपीतल्या जखम-इजा या अर्थाच्या अक्षरातून आलाय. ‘सांगहादा’ म्हणजे इजा होणं, खराब होणं. दूध नासलं तरी कोरियन माणूस हेच क्रियापद वापरतो. म्हणजे ‘सोक्सांगहादा’ हे शब्दशः ‘आतलं दुखावणं’.

आता तो कसा गाठायचा. आधी सबटायटलची भाषा बदलून कोरियन लावा. यादीत ‘CC’ जोडलेलं कोरियन असेल तर तेच घ्या, कारण त्यात बोललेलं जवळजवळ जसंच्या तसं असतं. मग ते वाक्य दोनतीनदा थांबवून बघा. तुमच्या जागी 속상해서 असं लिहिलेलं दिसेल. तुम्हाला ‘हे’ ऐकू आला नाही, कारण दोन स्वरांमध्ये किंवा ‘ङ’च्या पुढे कोरियन ‘ह’ फार हलका होतो. नुसत्या कानावर विसंबून कोशात शोधलं तर शब्द सापडत नाही, तो याचमुळे.

पुढे शेवट सोलायचा. ‘सो’ म्हणजे ‘म्हणून’, तो काढला. उरलं ‘सोक्सांगहे’. कोशात क्रियापदं ‘दा’ने संपतात आणि ‘हे’चं मूळ रूप ‘हादा’, म्हणून 속상하다 असं टाकायचं. कोरियाच्या राष्ट्रीय भाषा संस्थेचा शिकणाऱ्यांसाठीचा कोश krdict.korean.go.kr इथे फुकट आहे आणि त्यात इंग्रजी अर्थही मिळतो. तिथे मनासारखं न घडल्यामुळे जिवाला होणारा त्रास, अशा अर्थाची व्याख्या सापडेल. राग त्यातून येऊ शकतो, पण निव्वळ रागाला ‘ह्वानादा’ हा वेगळा शब्द आहे आणि त्यातला ‘ह्वा’ म्हणजे आग. तुमच्या आईने तो वापरलेलाच नाही.

आता सगळं वाक्य. ‘ओम्मागा’ म्हणजे आई. ती स्वतःलाच आई म्हणतेय, जसं आपल्याकडे ‘आईला नको रे असं त्रास देऊस’ म्हणतात. शेवटचं ‘कुरे’ म्हणजे ‘असं (करते, बोलते)’. जुळवलं तर, ‘आईचं आतलं दुखावलंय, म्हणून ती असं करतेय’. ‘असं’ म्हणजे ते धपाटे! ती मारल्याचं कारण सांगतेय, जवळजवळ माफीच मागतेय. ‘मला राग आलाय’ म्हटलं की नेमकं हेच हरवतं.

निशिगंध : वाचून परत तो प्रसंग लावला. धपाट्यांनंतर ती थांबते आणि मग हे म्हणते. आता कळलं का थांबते ते.

तिसरीघंटा : मी हिंदी सबटायटलं करते, म्हणून वाळवण यांच्या ‘घाई’बद्दल बोलायलाच हवं. हे वाक्य बोलायला त्या आईला जेमतेम दीड सेकंद लागतो. प्रेक्षकाला वाचता यावं म्हणून इंग्रजीत सेकंदाला साधारण 17 ते 20 अक्षरं धरतात, ओळीत 42 आणि जास्तीत जास्त दोन ओळी. ‘तुला असं बघून माझं आत दुखतं म्हणून मारलं’ हे इंग्रजीत मांडलं तर सहज 50 अक्षरं होतात, म्हणजे जवळजवळ तीन सेकंद. तोवर मुलाचं बोलणं सुरू झालेलं असतं. मग जागेत बसेल असा एक भाव निवडावा लागतो आणि त्या प्रसंगात धपाटे ठळक असले की राग निवडला जातो. दुसरं म्हणजे, माझ्याकडे बहुतेकदा इंग्रजी मजकूरच येतो, मूळ कोरियन नाही. त्यात ‘राग’ आला की हिंदीत ‘गुस्सा’च जातो.

चाफेकळी, तुमचं कोडंही यातच आहे. ‘CC’ लिहिलेलं इंग्रजी पुष्कळदा डबिंगच्या संवादाशी जुळवलेलं असतं आणि साधं इंग्रजी मूळ आवाजावरून केलेलं असतं. डब एक आणि सबटायटल दुसरं लागलं की दोन्ही जुळत नाहीत.

वाळवण : घाईचा शब्द मागे घेतो. पण मग पायवाट, रोजच्या बोलण्यात कोरियन माणसाला ‘आतलं नासलं’ असं चित्र खरंच दिसतं का?

पायवाट : दुधासारखं नासलेलं काही कुणाला दिसत नसावं. पण हे दोन तुकडे अजून सुटेही वापरतात, ‘सोगी सांगहेसो’ असं, म्हणजे ‘आत’ अगदी पुसलं गेलेलं नाही. शिवाय ‘सोक’ म्हणजे पोटही. ‘सोगी आन चोआयो’ म्हणजे पोट बरं नाही.

आणखी एक खूण सांगतो. विधानात नुसतं ‘सोक्सांगहे’ आलं तर ते बोलणाऱ्याचं स्वतःचं असतं. तिसऱ्याबद्दल बोलायचं झालं की पुढे आणखी एक ‘हे’ लागतो, ‘सोक्सांगहेहे’. ‘तुला किती लागलं असेल मनाला’ असं म्हणायचं असेल तर ‘सोक्सांगहेत्केत्ता’. कर्ता पुष्कळदा वाक्यात नसतोच, म्हणून खाली लिहिलेला ‘मी’ की ‘तू’ याबद्दल शंका आली तर हा शेवट बघा.

चाफेकळी : पोट म्हणालात म्हणून सुचलं, मराठीत ‘पोटात तुटतं’ आहे की! ‘पोरा, तुझा हात बघून पोटात तुटतं रे माझ्या, म्हणून मारलं.’

तिसरीघंटा : आईच्या तोंडी हे अगदी बसतं. पण नापास झालेली मुलगी ‘पोटात तुटतं’ म्हणणार नाही. ते आपण दुसऱ्यासाठी म्हणतो, स्वतःच्या मार्कांसाठी नाही. कोरियन शब्द तर नव्या फोनवर चरा पडला तरी चालतो.

वाळवण : मुलीसाठी ‘मनाला लागलं’?

पायवाट : ते कुणाचं तरी बोलणं लागतं. इथे बोलणारं कुणी नाही, निकाल आहे.

निशिगंध : बहीण म्हणतेय ‘जिवाला लागलं’. मला ‘फार वाईट वाटतंय’ एवढंच बरं वाटतं, पण त्यात ‘आत’ राहत नाही. आज रात्री कोरियन अक्षरं लावून तो नापास झाल्याचा भाग पुन्हा बघते आणि शेवटी नेमकं कोणतं रूप आहे ते इथे लिहिते.