मदत हवी आहे: जवळ गेलं की शाळेची इमारत उंच होते! (स्ट्रॉ-दोऱ्याचा क्लिनोमीटर)

खडूवाल्या बाई
नमस्कार. नागपुरात दहावीला गणित शिकवते. भाग 2 मधलं त्रिकोणमितीचं प्रकरण यंदा मैदानात घ्यायचं ठरवलं. पोरांनी कोनमापक, स्ट्रॉ, दोरा आणि लोखंडी नट घेऊन क्लिनोमीटर केले. कोनमापकाच्या सरळ कडेवर स्ट्रॉ चिकटवला, स्ट्रॉच्या मधोमध दोरा बांधला आणि खाली नट लटकवला. स्ट्रॉमधून गच्चीच्या कठड्याची वरची कड बघायची आणि दोरा कुठे येतो ते शेजारच्याने वाचायचं.

शिपाईदादांनी गच्चीवरून टेप सोडून खरी उंची मोजून दिली, बरोबर 12 मीटर. आमचं मात्र असं आलं:

20 मीटरवरून उन्नतकोन 31°, उंची 13.5 मी.
10 मीटरवरून 51°, उंची 13.9 मी.
6 मीटरवरून 66°, उंची 15 मी.

दोरा 59 वर आला तर 90 मधून वजा करून 31 घेतलाय, तिथे गडबड नाही. स्ट्रॉ आडवा धरला की दोरा बरोबर 90 वर येतो, तेही तपासलं. मग जवळ गेलं की इमारत वाढते कशी? एका पोराने तर विचारलं, "बाई, आपण पुढे जाऊन राहिलो की शाळा वर जाऊन राहिली?" सोमवारी पुन्हा तास आहे.

पाढे_पाठ
डोळ्याची उंची, दुसरं काय! tan ने मिळते ती डोळ्याच्या वरची उंची. डोळा जमिनीपासून दीड मीटरवर असतो, तो मिळवायचा राहून जातो. आमच्या वेळी निम्मा वर्ग इथेच आपटायचा.

खडूवाल्या बाई
दीड मीटर मिळवलाय, सर. 20 × tan 31° म्हणजे साधारण 12, अधिक 1.5. आणि तो राहिला असता तर उत्तर कमी आलं असतं, आमचं जास्त येतंय.

पाढे_पाठ
मग वारा. नट डोलत असणार.

निवृत्त_टेपवाला
वाऱ्याने आकडे कधी वर कधी खाली जातात. इथे तिन्ही वेळा जास्तच आलंय, आणि कोन वाढला तशी चूकही वाढलीय. डोळ्याच्या उंचीचंही तसंच. ती राहिली तर सगळीकडून सारखाच दीड मीटर कमी येईल, अंतराप्रमाणे बदलणार नाही. सर्वेक्षणात उभी हयात गेली, म्हणून सांगतो, चूक किती आहे यापेक्षा ती कशी बदलते ते आधी बघावं.

बाई, कठड्याखाली छज्जा बाहेर आलाय का? तुम्ही अंतर भिंतीपासून मोजलं असेल आणि नेम छज्जाच्या कडेवर धरला असेल, तरीही जवळून जास्त फुगतं.

खडूवाल्या बाई
छज्जा आहे, पण जेमतेम दोन फूट.

निवृत्त_टेपवाला
मग तो नाही. 20 मीटरवरून दीड मीटर जास्त यायला छज्जा अडीच मीटर बाहेर हवा, आणि तेवढा असता तर 6 मीटरवरून इमारत 19 मीटरच्या वर गेली असती.

आता एक सांगा. दोरा स्ट्रॉला बांधलाय म्हणालात. कोनमापकाच्या मधल्या छिद्रातून ओवलेला नाही?

खडूवाल्या बाई
नाही. छिद्र कडेच्या थोडं आत आहे. स्ट्रॉला बांधून वर सेलोटेप लावली की दोरा सरकत नाही, म्हणून तसं केलं. गाठ आणि छिद्र यात 6 मिलीमीटर अंतर आहे, आत्ताच पट्टीने मोजलं.

निवृत्त_टेपवाला
सापडलं. कोनमापकावरच्या रेघा त्या छिद्राभोवती आखलेल्या असतात. दोरा दुसऱ्या ठिकाणाहून लटकला की रेघा त्याच्या राहत नाहीत. स्ट्रॉ आडवा असताना गाठ, छिद्र आणि 90 ची रेघ एकाखाली एक येतात, म्हणून तुमची तपासणी पास झाली. स्ट्रॉ वर केला की गाठ छिद्राच्या बाजूला सरकते आणि दोरा पुढच्या रेघेवर जाऊन पडतो. जितकं वर बघाल तितका जास्त.

घरी खात्री करा. 45 चा गुण्या टेबलाच्या कडेला उभा धरा, त्याच्या तिरक्या बाजूवर स्ट्रॉ टेकवा, नट टेबलाबाहेर मोकळा सोडा. दोरा 45 वर यायला हवा. तुमचा 40 च्या आसपास येईल, म्हणजे कोन 50 वाचला जाईल. मात्र टेबल समपातळीत हवं, कललेलं नको.

खडूवाल्या बाई
केलं. 40 वरच येतो! पण पोरांनी सगळ्या इमारतींचे कोन वहीत उतरवलेत. ते वाया गेले का?

निवृत्त_टेपवाला
कशाला जातील? दोरा ज्या वर्तुळावर वाचता त्याची त्रिज्या मोजा.

खडूवाल्या बाई
5 सेंटिमीटर.

निवृत्त_टेपवाला
6 भागिले 50, म्हणजे 0.12. वाचलेला कोन φ, खरा कोन θ:

tan θ = sin φ ÷ (cos φ + 0.12)

51° घ्या. 0.777 ला 0.749 ने भागा, 1.037 येतं. गुणिले 10, अधिक 1.5, म्हणजे सुमारे 11.9 मीटर. हे सूत्र पोरांकडूनच काढून घ्या. गाठ, छिद्र आणि दोरा रेघ कापतो तो बिंदू, एवढ्या त्रिकोणात सगळं आहे.

खडूवाल्या बाई
31° वरून 12.0 आणि 66° वरून 11.9! सोमवारी दोरा छिद्रातूनच. आभार.

हिंगणा_रोड
माझंही एक बघा ना भाऊ. घरामागे शेजाऱ्याच्या प्लॉटवर निलगिरीचं झाड आहे, वादळात आमच्या टिनावर येते का ते पाहायचं आहे. पण बुंध्यापर्यंत जाता येत नाही, कंपाउंड आहे. काहून कोणी सांगत नाही याचं?

निवृत्त_टेपवाला
झाडाच्या सरळ रेषेत दोन जागांवरून कोन घ्या आणि दोन्ही जागांमधलं अंतर मोजा, उंची निघते. पण दोन्ही कोन जवळजवळ सारखे असतील तर एका अंशाच्या फरकाने उत्तर कुठल्या कुठे जातं. जागा जितक्या लांब लांब घेता येतील तितक्या घ्या. शेंडाही बुंध्याच्या बरोबर वर नसतो. पडणाऱ्या झाडाचा निर्णय मी स्ट्रॉवर सोडणार नाही.

हिंगणा_रोड
मागे जायला आमच्याकडे पंधरा फूटच जागा आहे बे.

पाढे_पाठ
बाई, स्ट्रॉ कागदी आहे का? 2022 पासून प्लास्टिकचे बंद झाले. कागदी हातात दमट होऊन वाकतात. बॉलपेनची रिकामी नळी घ्या. आणि पोरांना घेऊन झिरो माईलला जा, मजा येईल.

खडूवाल्या बाई
कागदीच आहेत, आणि दुसऱ्या तासाला खरंच वाकले होते. पेनची नळी घेऊ. झिरो माईलला चाळीस पोरं घेऊन रस्ता ओलांडायची माझी हिंमत नाही!

एक राहिलं. चौथ्या गटाचं सगळीकडून कमी येतंय, 20 मीटरवरून 11 च्या आसपास. त्यांचाही दोरा स्ट्रॉलाच आहे.

निवृत्त_टेपवाला
कमी येतंय म्हणजे त्यांची गाठ छिद्राच्या खाली, रेघांकडे आलेली असू शकते. किंवा दोरा कोनमापकाला घासून अडत असेल. फोटो टाका.

खडूवाल्या बाई
त्यांचा क्लिनोमीटर एका पोराच्या दप्तरात आहे. सोमवारी टाकते.