नहाणी तुंबली: आधी प्लंजर की आधी स्प्रिंग?

वैदेही, कासारवडवली
भाड्याचा फ्लॅट, पाचवा मजला. बेसिनमध्ये पाणी सोडलं की बाथरूमच्या नहाणीतून वर येतं आणि तासाभराने कुठे उतरतं. आम्ही दोघी राहतो, दोघींचे केस लांब. काल रात्री चोकअपची पावडर टाकली, काही फरक नाही. प्लंजर आणू की ती स्प्रिंगची तार? दोन्ही कधी हातात धरलेलं नाही.

ऐरोलीकर
सरळ स्प्रिंग आण. केसांचा गुंता पाइपाला धरून बसतो, तो पाण्याच्या धक्क्याने सुटत नाही. त्याला आकडा घालून बाहेरच ओढावं लागतं. प्लंजरने तो उलट बेंडमध्ये आणखी घट्ट बसतो. आणि कमोड नीट चालतोय ना? मग मेन लाइन साफ आहे, काळजी नको.

नेरूळची मावशी
स्प्रिंगच्या नादी लागू नकोस गं. आमच्या सिंकला महिन्यात तीनदा स्प्रिंग घातली. दर वेळी पाणी धो धो जायचं आणि आठ दिवसांत परत तुंबायचं. शेवटी सोसायटीतल्या एका मुलाने गरम पाणी ओतून प्लंजर मारला, तेव्हा कुठे सुटलं. पाच महिने झाले, बघायला लागलेलं नाही.

कळव्याचे काका
मावशी, तुमचं बरोबर आहे, पण तुमचा सिंक तुपातेलाचा. तेलाच्या थरात स्प्रिंग फक्त तारेएवढं भोक पाडते, पाणी जातं आणि भोक पुन्हा बुजतं. तिथे पाण्याचा जोरच कामाचा. हिच्याकडे केस आहेत.

वैदेही, आधी त्या पावडरीचं बघ. त्या पाण्यात आज प्लंजर अजिबात मारू नकोस. त्या पावडरींत बहुतेक कॉस्टिक असतं, एक शिंतोडा डोळ्यात गेला तर कायमची इजा होते. खिडकी उघड, रबरी हातमोजे आणि चष्मा घाल. साचलेलं पाणी प्लास्टिकच्या मगने अलगद बादलीत काढून कमोडमध्ये थोडं थोडं सोड. नहाणीत साधं पाणी ओत, ते परत काढ. असं तीन-चारदा कर. वरून ॲसिड टाकायचं नाही.

मग जाळी उचल. आत बहुतेक एक वाटी उपडी बसवलेली असते, ती फिरवून काढ. निम्म्या वेळा सगळे केस त्या वाटीलाच गुंडाळलेले असतात आणि कुठलंच हत्यार लागत नाही.

तरीही पाणी उभं राहिलं तर प्लंजर. तुझ्या बेसिनचं पाणी नहाणीतून येतं, म्हणजे बेसिनची लाइन नहाणीखालच्या भांड्याला, ट्रॅपलाच, जोडलेली आहे आणि अडलंय ते ट्रॅपमध्ये किंवा त्याच्या पुढे. मग नहाणीवर दाब दिलास की तो आधी बेसिनमधून निसटणार. म्हणून बेसिनचं भोक आणि वरचं ओव्हरफ्लोचं बारीक भोक ओल्या फडक्याने गच्च बुजव. वॉशिंग मशीनचा पाइप त्याच ट्रॅपला असेल तर तोही. नहाणीवर तीन बोटं पाणी ठेव, रबराच्या कडेला व्हॅसलीन लाव. पहिला दाब हलका दे, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग कप न उचलता पंधरा-वीस ठोके. ढकलण्याइतकंच जोरात वर ओढायचं. अडलेलं दोन्ही बाजूंनी हललं तर सुटतं. नवीन माणूस फक्त ढकलतो, म्हणून ऐरोलीकर म्हणतात तसं ते घट्ट बसतं.

आणि कमोडवरून मेन लाइन ठरवू नका. आपल्याकडच्या खूप बिल्डिंगमध्ये संडासाचा पाइप वेगळा आणि बाथरूमचा वेगळा खाली उतरतो. कमोड चालू असून बाथरूमची उभी लाइन तुंबलेली मी कित्येकदा पाहिली आहे. ओळखायची खूण ही, की तू नळ बंद ठेवलेला असतानाही नहाणीत पाणी चढतं. तसं दिसलं तर ते वरच्या मजल्यांचं पाणी, मग काम सोसायटीचं.

ऐरोलीकर
दोन पाइपांचं मान्य, ते माझ्या लक्षात नव्हतं. पण काका, तीन भोकं बुजवा, व्हॅसलीन लावा, एवढं नवख्या माणसाला जमेपर्यंत स्प्रिंगने काम संपतं. तार आत ढकलायची आणि ओढायची, एवढंच तर आहे.

कळव्याचे काका
नुसती ढकलली तर तार आत वेटोळं घालते आणि गुंता तसाच राहतो. घरच्या कामाला तीन मीटरची, मुठीचा दांडा असलेली तार पुरते. ट्रॅपच्या बाजूला जे बाहेर जाणारं तोंड आहे त्यात टोक घाल. तार अडेपर्यंत हाताने सरकव. मग मूठ नहाणीपासून वीतभर अंतरावर आणून स्क्रू आवळ. बाहेर जास्त तार मोकळी ठेवलीस तर ती हातातच पिळते आणि फटका मारते. मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवत हलका दाब द्यायचा. पुढे गेली की स्क्रू सोडून पुन्हा वीतभर.

हाताला काय लागतंय ते ओळखायला शिक. टणक लागलं आणि मूठ उलटी फिरू पाहते आहे तर तो बेंड, जोर न करता फिरवत राहा, टोक वळतं. ओल्या चिंधीत काठी खुपसल्यासारखं मऊ लागलं तर ते केस. तिथे आठ-दहा फेरे दे आणि बाहेर काढतानाही त्याच दिशेने फिरवत ये. उलट फिरवलंस की गुंडाळलेले केस तिथेच सुटतात.

वैदेही, कासारवडवली
रविवारी केलं. पावडरीचं पाणी चार वेळा काढलं. वाटीला मुठीएवढा केसांचा गोळा होता, तो काढूनही पाणी उभंच. प्लंजर मारताना बेसिनमधून बुडबुड आवाज येत होता. फडकं पुन्हा कोंबलं तेव्हा थांबला आणि ठोका हाताला जड लागायला लागला. दोन फेऱ्यांनंतर पाणी जरा हललं, पुढे नाही. मग तार घातली. दोन हात आत गेल्यावर काकांनी सांगितलं तसं मऊ लागलं. बाहेर आलं ते काळं, चिकट, आणि मधोमध शॅम्पूच्या पाऊचचा तुकडा! आता बेसिनचं पाणी लगेच जातं. पण मशीनचं पाणी सुटतं तेव्हा नहाणीत अजून दोन बोटं चढतं.

नेरूळची मावशी
आता गरम पाणी ओत दोन बादल्या.

कळव्याचे काका
उकळतं नको, पीव्हीसीचे जोड ढिले होतात. हात घालवेल इतपत कोमट. त्याने साबणाचा थर सुटेल, पाऊचचा उरलेला तुकडा असेल तर तो नाही निघणार. मशीनचा पंप एकदम पाणी फेकतो, म्हणून अर्धवट अडलेली लाइन तिथेच आधी दिसते. अजून एकदा तार घाल, या वेळी दोन हातांच्या पुढे.

ऐरोलीकर
पाहिलंत ना, शेवटी सुटलं ते तारेनेच. प्लंजरचे पैसे वाचले असते.

कळव्याचे काका
केसांचं काम तारेचं, हे मी आधीच म्हटलं. पण प्लंजरच्या दोन फेऱ्यांनी पाणी हललं, म्हणजे लाइन पूर्ण बंद नाही आणि अडथळा फार लांब नाही, हे तिला तार घालण्याआधी कळलं. मी तरी क्रम बदलणार नाही. वैदेही, चौथ्या आणि सहाव्या मजल्यावर विचारून ठेव, त्यांच्याकडेही मशीन सुटताना पाणी चढतं का.

वैदेही, कासारवडवली
सहाव्यावर काही नाही. चौथ्यावर कुलूप आहे, ते लोक गावाला गेलेत.